वय नको, मुक्काम सांगा

पुण्यात ‘वैकुंठ’ म्हटले की विष्णूच्या धामाच्या आधी नवी पेठेतली स्मशानभूमी डोळ्यांसमोर येते. ज्येष्ठांना तीर्थयात्रेला नेणाऱ्या कंपनीसाठी नाव शोधताना अशी पवित्र, सुंदर नावे सर्वांत आधी सुचतात. वैकुंठ, मोक्ष, पैलतीर, कैलास. अर्थाने एकही वाईट नाही. पण सत्तरीतल्या बाईंनी शेजारणीला ‘मी पैलतीरबरोबर चालले आहे’ असे सांगायचे, तर घरातल्यांच्या काळजात धस्स होईल.

काही शब्दांची सावली इतकी उघड दिसत नाही. ‘विसावा’ घ्या. आराम, सावली, वारीत पालखी टेकण्याची जागा, सगळे या शब्दात आहे. मात्र अंत्ययात्रेत तिरडी वाटेत टेकवतात त्यालाही विसावाच म्हणतात, आणि ज्यांनी आपल्या माणसांना खांदा दिला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. शिवाय विसावा, आधार, सावली ही नावे वृद्धाश्रमांच्या पाट्यांवर वारंवार दिसतात. ‘श्रावणबाळ’ तर यात्रेचीच गोष्ट, पण त्या गोष्टीतले आईवडील यात्रा पुरी करत नाहीत. त्यात राज्य सरकारची निराधार ज्येष्ठांसाठीची निवृत्तीवेतन योजनाही याच नावाची आहे. ‘तीर्थदर्शन’ची अडचण वेगळी. २०२४ पासून साठी ओलांडलेल्यांसाठी ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ आहे, त्यामुळे या नावाच्या खासगी कंपनीला लोक ‘फॉर्म कुठे भरायचा’ असेच विचारतील.

मग नावात ‘ज्येष्ठ’ किंवा ‘आजी-आजोबा’ सरळच का घालू नये? माझे मत स्पष्ट आहे: घालू नये. निवृत्तीनंतर आठ-दहा वर्षे झालेला, रोज पहाटे टेकडी चढणारा माणूस स्वतःला वृद्ध समजत नाही, आणि वय पाठीवर मिरवणाऱ्या बसमध्ये बसायला त्याला आवडत नाही. त्याला हवे असते ते निराळेच: दुपारी पाठ टेकायला मिळावी, स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी कळावे, रांगेत कोणी ‘चला, चला, उशीर होतोय’ म्हणू नये. नावाने प्रवाशाचे वय सांगू नये, प्रवासाची चाल सांगावी.

हे नीट कळायला एक यात्रा समोर ठेवू. पुण्यातून निघणारी अष्टविनायक यात्रा अनेक कंपन्या दोन दिवसांत उरकतात. आठ देवळे, पहाटेपासून रात्रीपर्यंत बस, आणि प्रत्येक ठिकाणी मोजून दिलेली मिनिटे. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या भर दुपारी वाट्याला आल्या, तर अनेक ज्येष्ठ खालूनच हात जोडतात. आता समजा, एक नवी कंपनी हीच यात्रा चार दिवसांची करते. आदल्या रात्री ओझरच्या भक्तनिवासात मुक्काम, सकाळी ऊन चढण्याआधी जवळच्याच लेण्याद्रीला, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आधीच सांगून ठेवलेली. दुपारी जेवण आणि पडणे. या कंपनीचा सगळा हिशेब देवळांच्या संख्येवर नाही, कुठे थांबायचे यावर आहे. नाव तिथूनच निघायला हवे.

तिच्या यादीत शेवटी तीन शब्द उरले असे धरू: सावकाश, निवांत आणि मुक्काम. ‘सावकाश’ घाटातल्या पाट्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा, पण त्यात उशिराचीही छटा आहे. पहाटे साडेपाचची काकडआरती गाठायची असेल, तर हे नाव भरवसा देत नाही. ‘निवांत’मध्ये आराम पुरेपूर आहे, नियोजन मात्र नाही. ‘मुक्काम’मध्ये दोन्ही येते. वारीत पालखीचा रात्रीचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. कोणत्या तिथीला कोणते गाव हे वारकऱ्याला निघण्यापूर्वी ठाऊक असते. थांबणे आणि आधी ठरवणे एकाच शब्दात मिळते, तेही कोणाला म्हातारे न म्हणता.

पण कागदावर पटलेले नाव फोनवर टिकायला हवे. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ, थ ही व्यंजने निसटतात आणि स्वर बराच काळ शाबूत राहतात. ‘स्वस्थ’ किंवा ‘सुखस्पर्श’ अशा नावांची फोनवर वाफ होते. ‘मुक्काम’ म ने सुरू होऊन म वरच मिटतो, मध्ये ठसठशीत आ आहे. तपासायची रीत सोपी आहे. ओळखीच्या ज्येष्ठांना फोन करायचा, एका वाक्यात नाव एकदाच उच्चारायचे, धंदा कसला ते सांगायचे नाही. ‘काय डोळ्यांसमोर आले?’ एवढेच विचारायचे. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून नाव आठवते का ते पाहायचे. एखाद्याच्या तोंडून दवाखाना, आश्रम किंवा स्मशान निघाले, तर नाव बाजूला ठेवावे, आपल्याला ते कितीही आवडलेले असो.

दुसरा श्रोता विसरू नये. अनेकदा यात्रा आईवडिलांची आणि पैसे मुलांचे असतात, आणि मुलगी न्यू जर्सीतून रोमन अक्षरांत शोधत असते. ‘निवांत’ कोणी nivant लिहील, कोणी niwant. ‘मुक्काम’ही mukkam आणि mukkaam असा दोन प्रकारे लिहिला जातो, म्हणून एक रूप ठरवून बस, पावती आणि यूपीआय खाते सगळीकडे तेच वापरावे.

आता कायदा. व्यापारचिन्हांच्या वर्गवारीत प्रवास आयोजन ३९ व्या वर्गात येते. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर या वर्गात शोध मोफत घेता येतो, आणि तो उच्चारावरूनही घ्यावा, कारण कानाला सारखे वाटणारे नावही आड येऊ शकते. सेवेचे नुसते वर्णन करणारे नाव, उदाहरणार्थ ‘ज्येष्ठ तीर्थयात्रा’, १९९९ च्या कायद्याच्या ९ व्या कलमात अडकते. नाव जितके सगळे सांगून टाकते तितके ते तुमच्या एकट्याचे होणे अवघड. ‘मुक्काम’ प्रवासासाठी सूचक ठरू शकेल, पण उद्या याच नावाने निवासगृह काढले, तर ४३ व्या वर्गात ते सरळ वर्णन होईल आणि आक्षेप येईल. देवाधर्माच्या नावांवर एकट्याने हक्क सांगणेही कठीण असते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही असे ठरवले. सोबत वेगळेपण देणारा शब्द जोडला, तर वाट उघडी राहते.

नावात जे मावत नाही ते त्याच्याखालच्या ओळीत लिहावे. ‘दिवसाला दोनच देवळे, दुपारी विश्रांती’ ही ओळ ‘आरामदायी, सुखकर, विश्वासार्ह’ या तीन विशेषणांपेक्षा जास्त बोलते, कारण ती प्रवाशाला तपासून पाहता येते. आणि म्हणूनच ती पाळावीही लागते: तिसरे देऊळ घुसडले, तर ‘मुक्काम’ हे नावच प्रवाशाच्या तक्रारीचा पहिला शब्द होईल.

बसवर रंग चढवण्याआधी अर्ज करावा. व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन केलेल्या अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. नावापुढे ‘टीएम’ आधीपासून लावता येते. वर्तुळातला ® मात्र नोंदणी हातात आल्यावरच लावावा. त्याआधी लावल्यास दंड होऊ शकतो.