टक् आणि टक् यांच्या मधली दहा सेकंदं

मिरजेहून मावशीचा फोन आला तो मे महिन्यातल्या एका दुपारी. काही न सांगता तिने फोन फ्रिजच्या मागे नेऊन धरला. आधी घूंऽऽ असा घुसमटलेला आवाज, मग टक्, आणि मग शांतता. "ऐकलंस ना? सकाळपासून असंच चाललंय. रिले बदलून आठ दिवससुद्धा झाले नाहीत रे." मी तिला म्हटलं, घड्याळ घेऊन बस. घूं सुरू झाल्यापासून टक् होईपर्यंत किती सेकंदं जातात आणि पुन्हा घूं केव्हा होतं, तेवढं लिहून ठेव.

मी काही वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवला. पोरांना पहिल्या आठवड्यात मी हेच सांगायचो, की मीटर नंतर काढा, आधी कान लावा. तो टक् आवाज हा बिघाड नाही. आत काहीतरी बिनसलंय म्हणून राखणदाराने मोटरची वीज तोडली, त्याचा तो आवाज आहे. त्याने ती केव्हा तोडली यावरून निम्मं निदान होतं.

फ्रिजच्या मागे खाली जो काळा डबा असतो, तो कॉम्प्रेसर. मोटर आणि पंप दोन्ही आतच, आणि डबा वेल्डिंग करून कायमचा बंद. बाहेर फक्त तीन पिना दिसतात: कॉमन, स्टार्ट आणि रन. तीन पिना लागतात, कारण आत तांब्याच्या तारेची वेटोळी दोन असतात. घरातल्या सिंगल फेज विजेची एक अडचण आहे. एका वेटोळ्यात ती सोडली तर तयार होणारं चुंबकक्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होत राहतं, गोल फिरत नाही. मोटर थरथरते, गुणगुणते, पण कोणत्या बाजूला वळायचं हे तिला कळत नाही. म्हणून दुसरं, बारीक तारेचं स्टार्ट वाइंडिंग दिलेलं असतं. त्यातला प्रवाह पहिल्याशी किंचित आगेमागे चालतो, त्यामुळे क्षेत्राला फिरकी मिळते आणि रोटर सुटतो. एकदा वेग आला की रन वाइंडिंग एकटंच मोटर फिरवत ठेवतं. बारीक तारेला सतत प्रवाह सोसत नाही, म्हणून अर्ध्याएक सेकंदात तिला बाजूला काढावं लागतं. रिलेचं काम एवढंच. अर्ध्या सेकंदाची नोकरी, पण ती नीट झाली नाही तर फ्रिज बंद.

जुन्या फ्रिजमध्ये हा रिले म्हणजे एक छोटी कॉइल आणि वरखाली होणारा लोखंडी तुकडा असे. सुरुवातीचा मोठा प्रवाह आला की तुकडा वर ओढला जायचा आणि संपर्क जुळायचा. मोटर वेगात आली की प्रवाह उतरायचा, तुकडा आपल्या वजनाने खाली पडायचा. (म्हणूनच तो उभाच बसवावा लागे. उलटा लावला की संपला कारभार.) आता बहुतेक साध्या फ्रिजमध्ये पीटीसी रिले असतो. त्यात हलणारं काहीच नाही. एक रुपयाच्या नाण्यासारखी सिरॅमिकची चकती असते. थंड असताना तिचा रोध वीस-तीस ओहमच्या आसपास असतो, म्हणजे स्टार्ट वाइंडिंगला वाट मोकळी. प्रवाह गेला की चकती क्षणात तापते आणि तापली की तिचा रोध हजारो ओहमवर जातो, वाट जवळजवळ बंद. फ्रिज चालू असेपर्यंत ती अशीच गरम राहते.

त्या गरम राहण्यातच एक मेख आहे. चकती निवायला तीन ते पाच मिनिटं लागतात. लाइट जाऊन लगेच आली तर चकती गरमच असते आणि स्टार्ट वाइंडिंगला वाट मिळत नाही. वर पंपाच्या एका बाजूला गॅसचा दाब चढलेला असतो, तोही उतरायला तेवढाच वेळ हवा. मोटर बिचारी दोन्हीकडून अडते. अशा वेळी एकदोनदा टक् टक् होऊन फ्रिज आपोआप सुरू झाला, तर मेकॅनिक बोलावू नये. आणि फ्रिज चालत नाही म्हणून थर्मोस्टॅटची चकरी पुन्हापुन्हा बंद-चालू करणाऱ्यांनी आधी हात आवरावा, ते त्या चकतीला निवूच देत नाहीत.

आता राखणदार. मेकॅनिक त्याला ओव्हरलोड किंवा ओएलपी म्हणतात. कॉमन पिनेवर, डब्याच्या अंगाला चिकटून बसलेली काळी गोल डबी. तिच्यात दोन धातूंचे पत्रे एकावर एक चिकटवून केलेली वाटीसारखी चकती असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ठरावीक तापमानाला वाटी एकदम उलटी होते. लहानपणी डब्याच्या झाकणाचा फुगीर पत्रा अंगठ्याने दाबून टकटक करत बसायचो, तशीच. उलटी झाली की संपर्क तुटतो, निवली की पुन्हा सुलटी होते, तोही एक टक्. ही वाटी दोन्हीकडून तापते: तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाने आणि शेजारच्या डब्याच्या उष्णतेने. छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर नीट फिरत असताना जेमतेम एक अँपिअर घेतो. तोच अडकून पडला तर सहा-आठ अँपिअर ओढतो. तेवढा प्रवाह वाइंडिंगमधून काही मिनिटं गेला तर तारेवरचं इन्सुलेशन करपेल. म्हणून ओव्हरलोड दहाएक सेकंदांतच वाट तोडतो.

म्हणून ती सेकंदं मोजायची. सुरुवातीपासून नुसतं घूं आणि पाच ते पंधरा सेकंदांत टक्, याचा अर्थ मोटर फिरलीच नाही. रिले गेला असेल, वीज कमी पडत असेल, किंवा कॉम्प्रेसरच आत जाम झाला असेल. मोटर सुरू झाल्याचा नेहमीचा आवाज आला, पण जरा जड, आणि थोड्या वेळात टक् झालं, तर स्टार्ट वाइंडिंग बाजूला निघत नाहीये. पीटीसी आतून शॉर्ट झालाय किंवा जुन्या रिलेचे संपर्क चिकटलेत. आणि फ्रिज दहा-वीस मिनिटं व्यवस्थित चालून मग टक् होत असेल, तर रिलेकडे बघूच नका. डबा तापतोय. फ्रिज भिंतीला चिकटवलाय का, मागच्या जाळीवर धूळ आणि फोडणीचा तेलकट थर बसलाय का, हे आधी पाहायचं. या तिसऱ्या प्रकारातही रिले बदलून पैसे घेणारे मी पाहिलेत. बदलताना फ्रिज तासभर बंद राहतो, डबा निवतो, आणि मेकॅनिक घरात असेपर्यंत फ्रिज झकास चालतो.

मावशीचा हिशेब आला: "घूं बारा सेकंदं, मग टक्, मग दीड-दोन मिनिटं गप्प." म्हणजे पहिला प्रकार. मी तिला प्लग काढून ठेवायला सांगितलं, कारण दर दोन मिनिटांनी असे धक्के खाऊन चांगला कॉम्प्रेसरही शेवटी जळतो. शनिवारी गेलो. एका दाराचा साधा फ्रिज. कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवाला नव्हता. असता तर हे सगळं सोडून द्यावं लागलं असतं, त्यात रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो.

प्लग काढलेला होताच. रिले आणि ओव्हरलोड ओढून काढले. रिले कानाशी हलवला. चकती फुटली असेल तर आत खुळखुळा वाजतो, इथे आवाज नाही. मीटरवर थंड रिले २३ ओहम, ओव्हरलोड जवळजवळ शून्य. दोन्ही ठीक. मग कॉम्प्रेसरच्या पिना: कॉमन ते रन १४, कॉमन ते स्टार्ट २२, रन ते स्टार्ट ३६. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी आली की दोन्ही वाइंडिंग अखंड आहेत असं समजायचं. कोणतीही पिन आणि डब्याचा पत्रा यांच्यात मीटर हललं नाही, म्हणजे वीज अंगावर उतरलेली नाही. पंप जाम असल्याचं मात्र ओहमवरून कळत नाही. वाइंडिंग ठणठणीत असूनही मोटर अडलेली असू शकते.

राहिली वीज. सॉकेटमध्ये मीटर घातलं, २१६ व्होल्ट. मिरजेच्या मे महिन्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. इथेच बहुतेकांची तपासणी संपते, आणि इथेच ती चुकते. रिकाम्या सॉकेटवरचा आकडा काही सांगत नाही, मोटर जोर लावत असताना काय होतं ते पाहायचं असतं. रिले, ओव्हरलोड परत बसवून मीटरच्या तारा कॉम्प्रेसरपाशी येणाऱ्या दोन वायरींवर क्लिपने लावल्या, हात दूर ठेवले आणि प्लग घातला. (हे घरी करू नये. तिथे उघडी वीज असते. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, ज्वालाग्राही. कुठे गळती असली तर एक ठिणगी पुरते.) घूं सुरू झालं आणि आकडा घसरून १७२ वर आला. ओट्यावरच्या दुसऱ्या सॉकेटवर त्याच वेळी २१२ होते. म्हणजे घरची वीज ठीक होती, चाळीस व्होल्ट फ्रिजच्या सॉकेटमध्येच कुठेतरी मुरत होते.

मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १७२ मिळाले तर व्होल्टेज पंचवीस टक्क्यांनी कमी, पण जोर जवळपास चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी. पंपातल्या दाबाला तेवढं पुरेना. आणि चाळीस व्होल्ट गुणिले सहा अँपिअर, म्हणजे अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता त्या सॉकेटात जिरत होती. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला तर आतला स्क्रू ढिला, तारेचं टोक काळंठिक्कर, प्लगची एक पिन निळसर झालेली. मावशी म्हणाली, "अगं बाई, तरीच मधूनमधून जळकट वास यायचा. मला वाटायचं शेजारच्यांचं दूध लागलं."

सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे टाकले, तारेचं करपलेलं टोक कापून नीट कसलं. दीडशे रुपयांच्या आतलं काम. फ्रिज सुरू होताना आकडा क्षणभर २०८ वर गेला आणि मोटर टक् न करता सुटली.

एक प्रश्न उरला होता. मग रिले बदलल्यावर फ्रिज आठ दिवस कसा चालला? मावशी काही टाकून देत नाही. काढलेला जुना रिले तिने देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांखाली ठेवला होता. हलवला, खुळखुळ नाही. मोजला, २४ ओहम. धडधाकट होता. रिले बदलणाऱ्याने त्या दिवशी एकच खरी दुरुस्ती केली, तीही नकळत: काम करायला प्लग ओढून काढला आणि परत जोरात खुपसला. काळ्या पडलेल्या पितळेवरचा थर खरवडला गेला आणि सांधा आठ दिवस बरा धरला.

तो जुना रिले मी मागून घेतला. पिशवीत सुट्टा असतो माझ्या, कधीतरी कोणाला तरी लागतोच.