कच्चा बटाटा पाण्याचा हिशेब कसा ठेवतो

मूठभर बेदाणे वाटीभर पाण्यात टाकून ठेवले की काही तासांत ते टम्म फुगतात, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तक तिथे थांबतं. आपण ते वाटीतलं पाणी चाखून पाहावं. ते गोडसर लागतं. म्हणजे पाणी आत गेलं हे खरं, पण थोडी साखर बाहेरही आली. बेदाणा वाळलेला आहे. त्याच्या पेशींभोवतीचे नाजूक पडदे वाळताना जवळजवळ सगळे फाटलेले असतात आणि जी काही अडवणूक होते ती मुख्यतः सालीमुळे. बेदाण्यावरून गोष्टीची सुरुवात कळते, पण खरा खेळ पाहायचा तर जिवंत वस्तू हवी. अशी जिवंत वस्तू आपल्या टोपलीत पडलेली असते. बाजारातून आणलेला कच्चा बटाटा मेलेला नसतो. त्याच्या पेशी श्वास घेत असतात, म्हणून तर त्याला मोड येतात.

मोठा बटाटा सोलून त्याचे बोटाएवढे लांब, सारख्या जाडीचे तुकडे करा. सोलणं महत्त्वाचं, कारण बटाट्याच्या सालीत बुचासारखा थर असतो आणि त्यातून पाणी फारसं जात नाही. चार वाट्या घ्या. पहिलीत नुसतं पाणी. बाकी तिघींसाठी लिटरभर पाण्यात अनुक्रमे 5, 10 आणि 30 ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यातलं वाटीभर ओता. प्रत्येक वाटीत साधारण 50 ग्रॅम तुकडे मोजून टाका आणि तीन-चार तास विसरून जा.

मग तुकडे हातात घेऊन वाकवून पाहा. साध्या पाण्यातला तुकडा ताठ असतो, वाकवला की कट्कन मोडतो. 30 ग्रॅम मिठाच्या पाण्यातला लुळा पडलेला असतो, बोटाभोवती गुंडाळता येतो. वजन करताना मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. तुकड्यांवरचं पाणी फडक्याने टिपून घ्यायचं, आणि चारही वाट्यांचे तुकडे सारखेच टिपायचे. या प्रयोगात चूक होते ती बहुतेक वेळा इथेच, कारण वर चिकटलेलं पाणी बटाट्याच्या वजनात मोजलं जातं.

आकडे बटाट्यानुसार बदलतात, पण चित्र साधारण असं दिसतं. साध्या पाण्यातले 50 ग्रॅम 55 च्या आसपास जातात, 5 ग्रॅम मिठातले 52 होतात, 30 ग्रॅम मिठातले 42 पर्यंत उतरतात. आणि 10 ग्रॅमच्या वाटीत? तिथे वजन जवळपास जसंच्या तसं राहतं. 50 टाकले होते, 50 निघाले. मला या प्रयोगात सगळ्यात नवल वाटतं ते या वाटीचं, जिच्यात काहीच घडलेलं दिसत नाही. बटाट्याच्या आत मीठ, साखर, आम्लं असं जे काही विरघळलेलं आहे त्याची एकूण मोजदाद बाहेरच्या खारट पाण्याएवढीच आहे, असं ती वाटी सांगते. चाकू लावून किंवा चव घेऊन हे कळलं नसतं.

या घडामोडीला परासरण म्हणतात. तिचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की मीठ पाणी ओढून घेतं. सोपं आहे, पण त्याने भलतंच चित्र डोळ्यांपुढे येतं. कुणी कुणाला ओढत नाही. पेशीचा पडदा पाण्याचे रेणू जाऊ देतो आणि मीठ-साखरेला अडवतो, म्हणून तो अर्धपारगम्य. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी त्यावर सतत आदळत असतात आणि दोन्हीकडून पलीकडे जात असतात. ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूच्या पाण्याचं बाहेर पडणं थोडं कमी होतं. येणं जास्त, जाणं कमी, एवढाच फरक. तुकड्याचं वजन वाढतं किंवा घटतं ते या फरकामुळे. 10 ग्रॅमच्या शांत वाटीतही पाण्याची ये-जा क्षणभर थांबलेली नसते, फक्त दोन्ही बाजूंचा आकडा जुळलेला असतो.

आता या हिशेबातली खरी गंमत. पडदा वजन मोजत नाही, कण मोजतो. लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मिठाने जो परिणाम होतो, तोच साखरेने साधायचा तर सुमारे 100 ग्रॅम साखर लागते. साखरेचा रेणू मोठा आणि जड, त्यामुळे 100 ग्रॅममध्ये तेवढेच कण भरतात. शिवाय मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन वेगळे कण होतात. हा 9 ग्रॅमचा आकडा दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के म्हणून छापलेला असतो, कारण आपल्या रक्ताचा हिशेबही तिथेच जुळतो. बटाटा आणि रक्त इतके जवळ यावेत हा योगायोग आहे.

मग बटाट्यातल्या एवढ्या पिष्टाचं काय? साध्या बटाट्याच्या वजनात 15 टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. पण ते पेशीत न विरघळलेल्या दाण्यांच्या रूपात पडून असतं, म्हणून पडद्याच्या हिशेबात त्याची किंमत जवळजवळ शून्य. तेच सगळं सुट्ट्या ग्लुकोजच्या रूपात विरघळून राहिलं असतं, तर बटाट्यातल्या कणांची संख्या आजच्या चौपटीहून जास्त झाली असती आणि पावसात भिजलेल्या शेतात बटाट्याला पाणी आवरता आलं नसतं. वनस्पती साखर पिष्ट करून का साठवतात, याचं एक मोठं कारण हे आहे. बटाटे फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवले तर थोडं पिष्ट पुन्हा साखरेत बदलतं आणि ते गोडसर लागतात. अशा बटाट्याची शांत वाटी 10 ग्रॅमला सापडणार नाही, ती जरा जास्त खाऱ्या पाण्यात सापडेल.

साध्या पाण्यातला तुकडा फुगत फुगत फुटत का नाही, हा पुढचा प्रश्न. आतले कण तर बाहेरपेक्षा नेहमीच जास्त राहणार. उत्तर पेशीच्या भिंतीत आहे. नाजूक पडद्याबाहेर तंतूंची मजबूत भिंत असते. पाणी आत येतं, भिंत ताणली जाते, ताणलेली भिंत उलट दाबते आणि त्या दाबाने पाण्याचं बाहेर जाणं वाढत वाढत आत येण्याएवढं होतं. हिशेब केला तर बटाट्यातल्या कणांच्या संख्येसाठी हा दाब हवेच्या दाबाच्या सात पटींच्या घरात येतो. मोटारीच्या चाकात भरतो त्या हवेच्या तिप्पट. तुकडा कट्कन मोडतो तो या दाबामुळे. खाऱ्या पाण्यात पाणी निघून जातं, दाब शून्यावर येतो, मग पडदा आक्रसून भिंतीपासून सुटतो आणि तुकडा लुळा पडतो. तो फार वेळ मिठात राहिलेला नसेल, तर साध्या पाण्यात परत टाकल्यावर पुन्हा ताठ होतो.

हा दाब पहिल्यांदा नीट मोजला विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्याने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत तांब्याच्या एका क्षाराचा पातळ पडदा तयार केला, आत साखरेचं पाणी भरलं, बाहेर साधं पाणी ठेवलं आणि वर पाऱ्याची नळी जोडली. एक टक्का साखरेच्या, म्हणजे जेमतेम गोड पाण्याने, पारा अर्ध्या मीटरहून वर चढवला. 1877 साली त्याने ही मापं छापली. ती वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीसकडून रसायनशास्त्रज्ञ याकोबुस फान्ट हॉफच्या कानावर गेली, आणि त्याच्या लक्षात आलं की विरघळलेली साखर जणू तेवढ्याच जागेत कोंडलेला वायू असल्यासारखा दाब देते. वायूचं जुनं सूत्र जसंच्या तसं लागू पडत होतं. रसायनशास्त्रातलं पहिलं नोबेल, 1901 सालचं, त्याला मिळालं त्यात या कामाचा वाटा होता.

एक कोडं मात्र पुढे नव्वद वर्षं राहिलं. पेशीचा पडदा स्निग्ध पदार्थाचा, एवढा पातळ की असे लाखभर पडदे एकावर एक रचले तरी जाडी मिलिमीटरभरसुद्धा होणार नाही. स्निग्ध थरातून पाणी थोडंफार झिरपतं हे ठीक, पण काही पेशींत ते भराभर कसं जातं? अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनाचा शोध घेत होते, तेव्हा तांबड्या पेशींत त्यांना एक दुसरंच अनोळखी प्रथिन मुबलक सापडलं. ते पाण्याची वाट असेल का, हे पाहायला त्यांनी जो प्रयोग केला तो आपल्या वाटीतल्या बेदाण्याचाच भाऊबंद होता. बेडकाची अंडी साध्या पाण्यातही सहसा फुगत नाहीत. काही अंड्यांत त्यांनी ते प्रथिन बनवण्याचा संदेश टोचला आणि सगळी अंडी कमी क्षाराच्या पाण्यात सोडली. टोचलेली अंडी काही मिनिटांत फुगून फुटली, बाकीची तशीच राहिली. हे 1992 सालचं काम, त्याला 2003 चं नोबेल मिळालं. या प्रथिनाच्या नळीतून पाण्याचे रेणू एकामागे एक, एका रांगेत जातात, तरी एका नळीतून सेकंदाला काही अब्ज रेणू पार होतात. वनस्पतींच्या पेशींतही अशा नळ्या भरपूर असतात.

हे सगळं जिवंत, धड पडद्याचं काम आहे, याची खात्री करायची असेल तर पाचवी वाटी मांडा. तिच्यात 30 ग्रॅम मिठाचंच पाणी घ्या, पण तुकडे उकडून टाका. उकडताना पडदे फाटतात. आता अडवणारं कुणी नाही, त्यामुळे कच्च्या तुकड्यासारखं नुसतं पाणी सोडून तो आक्रसत नाही, मीठच त्याच्या आत शिरतं. चावून पाहिलं की कळतं. आमटी खारट झाली तर बटाटा टाका म्हणतात, त्याचा निकालही इथेच लागतो. उकडता उकडता बटाटा आमटीतलं मीठ थोडं घेतो, पण मीठ निवडून काढायला त्याच्याकडे पडदाच उरलेला नसतो. तो घेतो ती खारट आमटी, आणि मागे उरते तीही जवळपास तेवढीच खारट. आमटीत पाणी वाढवा.