शेवटच्या दिवसानंतरचे लॉगिन

मार्च 2023 मध्ये सिंगापूरच्या एनसीएस या आयटी कंपनीचे 180 व्हर्च्युअल सर्व्हर एकामागोमाग एक पुसले गेले. हे करणारा कुणी परका हॅकर नव्हता. नोव्हेंबर 2022 मध्ये ज्याचा कंपनीतला शेवटचा दिवस झाला, तोच माणूस जुन्या ॲडमिन लॉगिनने पुन्हा पुन्हा आत येत होता. ते सर्व्हर फक्त चाचणीसाठी होते, तरी नुकसान नऊ लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेले. 2024 मध्ये त्याला दोन वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकेत सिस्कोचाही असाच अनुभव आहे. एप्रिल 2018 मध्ये कंपनी सोडलेल्या इंजिनिअरने सप्टेंबरमध्ये 456 व्हर्च्युअल मशीन्स पुसली आणि वेबेक्स टीम्सची सोळा हजारांहून जास्त खाती बंद पडली, काही तर दोन आठवड्यांपर्यंत.

या दोन्ही घटना ईआरपीतल्या नाहीत. पण कंपनीची बिले, पगार, साठा आणि व्हेंडरचे बँक खाते क्रमांक ज्या ईआरपीत असतात, तिथे हे घडले तर सर्व्हर पुसण्याचीही गरज नाही. एका व्हेंडरचा खाते क्रमांक बदलला तरी पुरते.

समजा, चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातल्या अकाउंट्स विभागाच्या सीनियर एक्झिक्युटिव्हचा शुक्रवारी शेवटचा दिवस आहे. व्हेंडरची बिले पास करणे हे तिचे काम. ती सॅप वापरते, शिवाय खर्चाच्या दाव्यांचे ॲप, व्हेंडर पोर्टल आणि रिपोर्टचा डॅशबोर्ड. पूर्वी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा होता. आता कंपनीने सिंगल साइन-ऑन आणले आहे. सकाळी एकदाच कंपनीच्या खात्यात लॉगिन करायचे, मोबाइलवर मंजुरी द्यायची, की बाकीची ॲप्स पासवर्ड न विचारता उघडतात. ॲप स्वतः ओळख तपासत नाही. ते मध्यवर्ती ओळख-सेवेला विचारते आणि तिने सही केलेला निरोप आला की दार उघडते.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मध्यवर्ती खाते बंद केले की सगळे संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याने फक्त नवे लॉगिन थांबते. नाट्यगृहाच्या दारावर तिकीट तपासतात, पण नंतर तिकीटखिडकी बंद झाली म्हणून आत बसलेल्याला कुणी उठवत नाही. ॲपचेही तसेच आहे. एकदा आत घेतले की ॲप स्वतःचे सेशन सुरू करते आणि ते किती तास चालवायचे हे बहुधा तेच ठरवते. मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेने दिलेला ॲक्सेस टोकनसुद्धा एरवी 60 ते 90 मिनिटे वैध असतो. सॅपमध्ये तर `SU01` मधून युजर लॉक केला तरी त्या क्षणी उघडी असलेली स्क्रीन चालूच राहते. ती `SM04` मध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते. घाईत ही पायरी हमखास राहते.

म्हणून दुसरी यंत्रणा लागते, प्रोव्हिजनिंगची. मध्यवर्ती खाते बंद होताच ती प्रत्येक जोडलेल्या ॲपला कळवते की ही व्यक्ती आता सक्रिय नाही. यासाठी स्किम नावाचे प्रमाण 2015 पासून आहे आणि त्यातला निरोप एवढाच असतो:

```json
{
  "schemas": ["urn:ietf:params:scim:api:messages:2.0:PatchOp"],
  "Operations": [
    {"op": "replace", "path": "active", "value": false}
  ]
}
```

यात खाते पुसले जात नाही, निष्क्रिय होते. ते योग्यच आहे. तिने तीन वर्षांत पास केलेल्या बिलांवर तिचे नाव राहायला हवे, नाहीतर ऑडिटला उत्तर देता येणार नाही. मात्र हा निरोप लगेच पोचतोच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत बदल पाठवण्याची फेरी साधारण 40 मिनिटांनी होते. राजीनाम्याच्या प्रकरणात तेवढे चालते. वाद होऊन तडकाफडकी काढलेल्या माणसासाठी मात्र त्याच क्षणी हाताने निरोप पाठवणे आणि चालू सेशन तोडणे, ही वेगळी पद्धत आधीच लिहून ठेवलेली असावी लागते.

यापुढची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण ती सिंगल साइन-ऑनच्या कक्षेतच येत नाही. सॅपला सिंगल साइन-ऑन जोडले तरी जुना पासवर्ड आपोआप जात नाही. युजरच्या नोंदीत तो निष्क्रिय करावा लागतो किंवा `login/disable_password_logon` हे पॅरामीटर लावून पासवर्डचे लॉगिनच बंद करावे लागते. तसे केले नसेल आणि सॅपमधला युजर लॉक व्हायचा राहिला असेल, तर तिकडे मध्यवर्ती खाते बंद आणि इकडे पासवर्ड चालू, अशी अवस्था होते. डॅशबोर्डसाठी काढलेली एपीआय की तर कुणाच्या लॉगिनवर अवलंबूनच नसते. विभागाने मिळून वापरायचा ॲडमिन पासवर्डही असाच, कारण तो कुणा एकाच्या नावावर नसतो. असा पासवर्ड प्रत्येक जाणाऱ्या माणसागणिक बदलावा लागतो.

आयटीतली माणसे सोडून गेलेल्यांचे खाते लॉक करायला का कचरतात, याचेही एक खरे कारण आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी कधीतरी रात्री चालणारा पेमेंटचा जॉब स्वतःच्या युजरखाली लावलेला असतो. शुक्रवारी युजर लॉक केला की सोमवारी जॉब पडलेला दिसतो आणि लॉगमध्ये त्या युजरचे लॉगिन फसल्याची नोंद असते. पेमेंट अडते, फोन येतात, आणि कुणीतरी ‘तात्पुरते’ म्हणून ते खाते पुन्हा उघडून देते. असे उघडलेले खाते मग महिनोन्‌महिने तसेच राहते. उपाय नोटीस पीरियडमध्येच करायचा असतो. तिच्या नावावरचे जॉब शोधून ते सिस्टिम प्रकारच्या युजरकडे वळवायचे. असल्या युजरने माणसाला स्क्रीनवरून लॉगिन करता येत नाही. तिच्या इनबॉक्समध्ये मंजुरीसाठी अडकलेली बिलेही त्याच वेळी दुसऱ्याकडे सोपवायची.

आता प्रश्न राहतो सुरुवात कोण करणार हा. चांगल्या व्यवस्थेत एचआरच्या नोंदीत शेवटच्या कामाची तारीख भरली की पुढचे सगळे त्यावरून हलते. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी ही तारीख फुल अँड फायनलच्या वेळी भरली जाते, म्हणजे माणूस जाऊन कित्येक दिवस झाल्यावर. यंत्रणा महागडी असो वा साधी, तिला तोवर कळणारच नाही. राजीनामा स्वीकारला त्याच दिवशी ती तारीख भरली, तर सॅपमधल्या खात्याची वैधताही त्याच दिवसापर्यंत आधीच मर्यादित करता येते.

ठेकेदाराकडून आलेले कामगार आणि बाहेरचे सल्लागार एचआरच्या यादीत बहुधा नसतातच. त्यांचा राजीनामा कंपनीकडे येत नाही, त्यामुळे खाते बंद करण्याचा निरोपही कुठून सुटत नाही. अशांचे खाते उघडतानाच त्याला 90 दिवसांची मुदत घालणे आणि मुदत संपताना त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

हे सगळे चालते की नाही, ते तपासण्यासाठी ऑडिटर एक साधी जुळणी करतात आणि ती कोणत्याही कंपनीला स्वतः दर महिन्याला करता येते. एका रकान्यात सोडून गेलेल्यांची नावे आणि शेवटचा दिवस, दुसऱ्यात ईआरपीतले खाते लॉक झाल्याची तारीख, तिसऱ्यात त्या खात्यावरच्या शेवटच्या लॉगिनची तारीख. दुसरी तारीख पहिल्यापेक्षा उशिराची असेल तर काम ढिले आहे. तिसरी उशिराची असेल, तर त्या लॉगिनमध्ये काय पाहिले, काय बदलले आणि ते कुणी केले, हे त्याच दिवशी शोधायला बसावे लागते. सुरुवात व्हेंडर मास्टरमधल्या बँक खात्यांच्या बदलांपासून करावी.