गाव बदललं की उत्तर बदलतं

दिवाळी अंकासाठी परदेशस्थ वाचकांचा विषय काढायचा म्हटलं की संपादकांच्या बैठकीत ठरलेली नावं पुढे येतात: सातासमुद्रापलीकडचा गणपती, आईच्या हातच्या चकल्या, मुलांचं मोडकं मराठी. असा लेख न्यू जर्सीवर लिहिला काय किंवा दुबईवर, गावाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी एक ओळ बदलावी लागत नाही. विषय पारखायची माझी कसोटी हीच आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर गावागणिक बदलतं, तो विषय घ्यावा.

२०२४ची दिवाळी घ्या. अमावास्या ३१ ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार दुपारी ३.५२ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ला संपली. लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ लागतो. १ तारखेला पुण्यात सूर्य मावळल्यावर अमावास्या जेमतेम काही मिनिटं उरत होती. तरीही महाराष्ट्रातल्या पंचांगांनी तोच दिवस धरला, तर उत्तरेत अनेकांनी ३१ तारीख मानली. त्यावरून आपल्याकडे वाद रंगला, तो आठवत असेल.

न्यूयॉर्कला मात्र वादाला जागाच नव्हती. तिथल्या घड्याळात अमावास्या ३१ला सकाळी ६.२२ला लागून १ तारखेला सकाळी ८.४६ला संपत होती. म्हणजे अमावास्येची संध्याकाळ एकच, ३१ तारखेची. त्याच संध्याकाळी तिथे हॅलोवीन! एकीकडे लक्ष्मीपूजन, दुसरीकडे दारात चॉकलेटं मागायला आलेली शेजारची पोरं. सिडनीत उलट परिस्थिती. तिथे अमावास्या १ नोव्हेंबरच्या रात्री ११.४६पर्यंत होती, त्यामुळे १ तारखेची सगळी संध्याकाळ मोकळी. तिथी सगळीकडे एकाच क्षणी बदलते, पण सूर्यास्त ज्याचा त्याचा. पुण्याची दिनदर्शिका भिंतीवर टांगून बोस्टनमध्ये सण करणाऱ्याला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं असतं. संकष्टीचंही तेच, कारण चंद्रोदयाची वेळ गावागणिक वेगळी असते. लेखकाने त्या गावाच्या पंचांगावरून वेळा काढल्या आणि त्या का बदलतात ते सांगितलं, की लेख उभा राहतो. त्यात ‘घरची आठवण’ घालायची गरज पडत नाही.

कागदपत्रांवर लिहायला लेखक कंटाळतात, वाचक मात्र तोच लेख कापून ठेवतात. समजा, टोरांटोतल्या बाईंना ठाण्यातला फ्लॅट विकायचा आहे आणि सह्या भाऊ करणार आहे. त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागतं. त्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन हवं, आणि विक्रीचा करार करणे, दुय्यम निबंधकापुढे हजर राहणे, पैसे स्वीकारणे हे अधिकार एकेक करून लिहिलेले हवेत. नुसतं ‘मालमत्तेची देखभाल’ एवढंच लिहिलं तर व्यवहार अडतो. मग तिथल्या नोटरीपुढे सही आणि त्यावर ऑन्टारियो प्रांताचं अपॉस्टिल. कॅनडात ही सोय ११ जानेवारी २०२४पासून आली, त्याआधी भारतीय वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागे. म्हणून २०२३चा उत्तम लेखही आज जसाच्या तसा छापता येणार नाही. कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, कागद इथे आल्यापासून मोजतात. त्यामुळे कुरिअरचं पाकीट आणि पावती भावाने जपून ठेवावी. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदललं असेल आणि खरेदीखतावर माहेरचं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावाही आधीच जोडलेला बरा.

खाण्याच्या बाबतीत आठवणींचा मोह सर्वांत जास्त. पण जर्मनीला निघालेल्याच्या बॅगेत आई तुपाचा डबा आणि पेढे भरते, तेव्हा युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाने आणायला तिथे बंदी आहे, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. फ्रँकफर्टच्या विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकतात. यंदाच्या फराळात बॅगेत काय जाईल आणि काय तिथेच करावं लागेल, एवढ्यावर दोन पानं सहज होतील.

आणि परदेशातला मराठी माणूस म्हणजे संगणकवालाच, हेही सोडून द्यायला हवं. मॉरिशसमधल्या मराठी घरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेले. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. इस्रायलमध्ये बेने इस्रायली ज्यू आहेत. ते कोकणातून गेलेले, घरात मराठी बोलत आलेले. त्यांच्याकडे शुभकार्याला मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर आणि फळं घालून, आणि प्रार्थना असते ती एलियाहू हनवीची. त्यांच्यातल्या कुणाला दिवाळीच्या फराळावर लिहायला सांगण्यापेक्षा मलिद्याचं ताट कधी आणि कसं मांडतात ते विचारावं.