तंबाखू सोडली, सुपारी राहिली : आखडत जाणाऱ्या तोंडाचा आजार

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे तंबाखू सोडून केवळ सुपारीवर आलेली व्यक्ती आपण धोक्याबाहेर आलो, असे समजते. हा समज चुकीचा आहे. ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ या आजारात तोंड हळूहळू उघडेनासे होते आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू नसून सुपारीच आहे.

या आजाराची पहिली नोंद १९५२ मधील असून ती केनियात राहणाऱ्या पाच भारतीय महिलांची होती. पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांमध्ये त्याचे वर्णन केले. कारणाचा उलगडा होण्यास पुढे बराच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. तिच्यासोबत तंबाखू असणे त्यासाठी आवश्यक नाही.

सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या आतील त्वचेखालच्या पेशींना जादा तंतू तयार करायला लावते. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. तांब्यामुळे हे तंतू एकमेकांशी घट्ट बांधले जातात आणि शरीराला ते सहज मोडता येत नाहीत. परिणामी मऊ, लवचीक गाल आतून दोरखंडासारखा ताठ होतो. रक्तपुरवठा घटल्याने गुलाबी त्वचा पांढुरकी पडते, तिचा वरचा थर पातळ होतो आणि कर्करोगकारक द्रव्यांना आत शिरणे सोपे जाते.

विदर्भातील खर्ऱ्याचे उदाहरण घेतले तर हा क्रम स्पष्ट होतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा तयार होतो आणि त्यात सुपारीचा वाटा मोठा असतो. दिवसाला चार-पाच पुड्या खाणाऱ्या पंचविशीतील तरुणाला आधी जाणवते ती जळजळ. नेहमीचा झणझणीत रस्सा एकाएकी सोसवत नाही. पाणी पिऊन तो वेळ निभावतो आणि पित्त वाढले असेल, असे समजतो. काही महिन्यांनी गाल फुगवणे आणि शिट्टी वाजवणे अवघड होते. जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. गालाच्या आत बोट फिरवल्यास वरून खाली जाणाऱ्या ताठ पट्ट्या हाताला लागतात. मोठा घास किंवा पाणीपुरी तोंडात मावेनाशी झाल्यावर तो दंतवैद्याकडे जातो, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

घरी करता येण्याजोगी चाचणी सोपी आहे. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी ठेवून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. बहुतेक प्रौढांचे तोंड ३५ मिलिमीटरहून अधिक उघडते आणि तीन बोटे सहज जातात. दोनच जात असतील तर तपासणी आवश्यक आहे. मात्र तीन बोटे जातात म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण जळजळ आणि पांढुरकेपणा या चाचणीच्या आधीच दिसू लागतात.

चेन्नईजवळच्या ओरगडममधील कारखान्यांत देशभरातून आलेला कामगार असो की चंद्रपूरमधील ट्रकचालक, लांब पाळीत जाग राहावी म्हणून सुपारी चघळणाऱ्याच्या बाबतीत हे सारखेच लागू पडते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, पण साधी सुपारी त्या बंदीत नव्हती. तिच्याकडे अजूनही मुखशुद्धी म्हणूनच पाहिले जाते, ही या आजाराच्या प्रतिबंधातील सर्वांत मोठी अडचण म्हणावी लागेल.

केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ७.६ टक्के, म्हणजे पाच जणांना कर्करोग झाला. बहुसंख्यांना तो झाला नाही, हेही खरे. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही आणि तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढांजवळची गाठ दिसतही नाही. दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारणाशिवाय हलणारा दात, मानेत लागणारी कडक गाठ यांपैकी काहीही आढळल्यास मलम लावून वाट पाहू नये. संशयित जागेचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. नुसत्या नजरेने निदान पक्के होत नाही.

सुपारी सोडल्यास आजाराची वाढ रोखता येते, मात्र तयार झालेल्या पट्ट्या सहसा विरघळत नाहीत. गालात दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि दातांमध्ये एकेक लाकडी पट्टी वाढवत नेण्याचा रोजचा व्यायाम यांनी तोंड काही प्रमाणात उघडते. फार आखडलेले असल्यास शस्त्रक्रियेने पट्ट्या कापून तेथे दुसरीकडची त्वचा बसवली जाते; पण त्यानंतर व्यायाम थांबला किंवा सुपारी पुन्हा सुरू झाली तर तोंड परत आखडते. कर्करोगाची जोखीम सुपारी सोडल्यावरही उरत असल्याने अशा रुग्णांनी दर काही महिन्यांनी तोंडाची तपासणी करून घ्यावी लागते.