बेरीज करण्याआधी स्तंभ वाचा

समजा, नाशिककडच्या एका कांदा व्यापाऱ्याची एक्सेलमधली विक्रीवही आपल्यासमोर आहे. वजनाच्या स्तंभात पाच नोंदी आहेत: 24, 2450, ‘18 क्विं.’, ‘2.4 टन’ आणि ‘40 गोणी’. खाली बेरीज 2474. एरर नाही, लाल खूण नाही, आकडाही पटण्यासारखा. पण एक्सेलचे SUM अक्षरे मिसळलेल्या नोंदी निमूटपणे वगळते, म्हणून बेरीज झाली ती फक्त पहिल्या दोन नोंदींची. हे लगेच पकडता येते:

```
=COUNTA(B2:B6)-COUNT(B2:B6)
```

उत्तर 3 आले, म्हणजे तीन नोंदी आकडा म्हणून धरल्याच गेल्या नाहीत.

उरलेले दोन आकडे तरी एकाच मापातले आहेत का? ते रक्कम सांगते. 24 पुढे 44,400 रुपये आहेत, भागाकार 1850. 2450 पुढे 45,325, भागाकार 18.50. एकाच आठवड्यात भाव बरोबर शंभरपट होत नसतो. पहिली नोंद क्विंटलची आहे आणि दुसरी किलोची.

आता मूळ स्तंभाला हात न लावता शेजारी आकडा, माप आणि किलो असे तीन स्तंभ करायचे. पहिल्या चार नोंदींचे 2400, 2450, 1800 आणि 2400 किलो होतात. गोणीचे मात्र ठरीव वजन नसते. ‘पन्नास किलो धरा’ असे कुणीतरी म्हणतेच, पण भुईकाट्याची पावती सापडेपर्यंत ती जागा रिकामी ठेवावी आणि बेरीज अपुरी आहे असे शेजारी लिहावे. पावतीवर 1990 किलो निघाले, तर एकूण वजन 11,040 किलो.

टनाच्या नोंदीपुढे रक्कम आहे 2640. किलोला 1.10 पडले! बाकी माल साडेअठराने गेला असताना हा इतका स्वस्त कसा? तो दुबईला गेलेला माल आहे आणि रक्कम दिरहममध्ये आहे. पेशीत दिसणारे चलनाचे चिन्ह पुष्कळदा नुसता फॉरमॅट असतो. SUM ते पाहत नाही, दिरहम रुपयांत बिनदिक्कत मिसळते. म्हणून चलनाचा वेगळा स्तंभ हवा, आणि बिलाच्या तारखेच्या विनिमय दराचाही. आजचा दर लावला तर जुन्या विक्रीची रक्कम रोज बदलत राहील.

ही भागाकाराची युक्ती सगळीकडे चालत नाही. एका डॉलरला 3.6725 दिरहम आणि 3.75 सौदी रियाल असे दर त्या देशांनी बांधून ठेवले आहेत, म्हणजे दोन्ही चलनांत फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. कांद्याचा भाव एका दिवसात त्याहून जास्त हलतो. अशा नोंदीचे चलन आकड्यांवरून ओळखता येत नाही. बिलच काढून पाहावे लागते.