डी६०० की डी६१०? जुना कॅमेरा घेताना

निकॉनने सप्टेंबर २०१२मध्ये डी६०० हा फुल फ्रेम डीएसएलआर आणला आणि जेमतेम तेरा महिन्यांत त्याच्या जागी डी६१० आणून बसवला. एवढ्या लवकर मॉडेल बदलायला कारण होतं. डी६००च्या सेन्सरवर ठिपके साचत, बहुतेक वेळा फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. वापरणाऱ्यांनी खापर शटरवर फोडलं. फेब्रुवारी २०१४मध्ये निकॉनने वॉरंटी संपलेल्यांनाही शटर मोफत बदलून देऊ केलं. आज सेकंडहँड बाजारात हे दोन्ही कॅमेरे भेटतात, आणि जाहिरातीतल्या फोटोत ते ओळखू येणार नाहीत इतके सारखे दिसतात.

समजा, जाहिरातीत लिहिलंय: ‘निकॉन फुल फ्रेम, नव्यासारखा, फक्त १८ हजार क्लिक.’ फोटो तिरका, मॉडेलचा आकडा पट्ट्याआड गेलेला. (पट्टा नेमका तिथेच का येतो, हा प्रश्न विचारून ठेवावा.) पहिल्यांदा पुढच्या बाजूला ‘एफएक्स’ ही खूण शोधायची. ती नसेल तर तो फुल फ्रेम नाहीच. डी७१००सारखा लहान सेन्सरचा कॅमेरा लांबून असाच दिसतो. खूण सापडली की वरून काढलेला फोटो मागवावा. डाव्या हाताला मोड डायल असते आणि तिच्याखाली दुसरी चकती, जिच्यावर एकेक फोटो की सलग फोटो हे ठरवतात. या चकतीवर ‘क्यू’च्या जोडीला ‘क्यूसी’ असेल तर तो डी६१०. नुसता ‘क्यू’ असेल तर डी६००.

आता ते १८ हजार क्लिक. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला, कुठेही एडिट न केलेला फोटो मागावा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर आतली माहिती गळून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. मग कॉम्प्युटरवर एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ही ओळ चालवावी:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_1234.NEF
```

मॉडेल, सिरियल नंबर आणि शटर किती वेळा उघडलं तो आकडा, तिन्ही समोर येतात. सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळावरच्या नंबराशी ताडून पाहावा. जुळला नाही तर फाइल दुसऱ्याच कॅमेऱ्याची आहे, आणि व्यवहार तिथेच थांबवावा.

या दोन्ही मॉडेलांचं शटर निकॉनने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, त्यामुळे १८ हजार हा आकडा तरुण वाटतो. पण शटर बदललं असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली असू शकते, आणि बाकीचा कॅमेरा मात्र जुनाच असतो. ते कळतं अंगावरच्या खुणांवरून. फ्लॅश जिथे सरकवतात त्या हॉट शूचा काळा रंग उडून आतला धातू चमकत असेल, तर कॅमेऱ्याने लग्नसमारंभ भरपूर पाहिलेत. अंगठा टेकतो तिथलं रबर फुगलेलं किंवा सुटलेलं, बटणांवरची अक्षरं पुसट, लेन्स बसते त्या कड्यावर घासल्याच्या रेघा, तळावर ट्रायपॉडचे ओरखडे: हे सगळं असून आकडा १८ हजार असेल तर सर्व्हिसचं बिल मागावं. बिल निघालं तर डी६००च्या बाबतीत ती उलट चांगली बातमी. नवं शटर पडलेलं असतं. स्क्रू गायब किंवा त्यांच्या खाचा झिजलेल्या दिसल्या, तर मात्र कॅमेरा कुणीतरी उघडलेला आहे असं धरून चालावं.

प्रत्यक्ष भेटीत एक चाचणी करावीच. आयएसओ सर्वात कमी, अॅपर्चर एफ/१६, फोकस हाताने बिघडवायचा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा. तो मोठा करून पाहिला की सेन्सरवरची घाण करड्या, गोल ठिपक्यांसारखी दिसते. चार-दोन ठिपक्यांनी बिचकायचं कारण नाही. धूळ ब्लोअरने उडते, चिकट डाग ओल्या स्वच्छतेने निघतात. खरा प्रश्न नवे ठिपके येतात का, हा. म्हणून विकणाऱ्याची परवानगी घेऊन शंभरेक फोटो सलग काढावेत आणि मग तोच एफ/१६चा फोटो पुन्हा घ्यावा. आधी नव्हते असे ठिपके त्याच डाव्या वरच्या कोपऱ्यात उगवले, तर शटर अजून घाण फेकतंय.

एवढं करूनही व्हिडिओसाठी कॅमेरा किती तास चालला, ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

शटर बदलल्याचा कागद नसलेला डी६०० स्वस्त मिळाला तरी सोडावा आणि थोडे पैसे जास्त मोजून डी६१० घ्यावा.